वेळ दहाची, पण साडेनऊला या

डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा नाव नोंदवताना रिसेप्शनिस्ट फोनवर सांगते, "काकू, वेळ दहाची आहे, पण साडेनऊला या." हा अर्धा तास केसपेपरसाठी असतो.

नाव-पत्ता चटकन लिहून होतो. वेळ लागतो तो पुढच्या प्रश्नांना. मधुमेह किती वर्षांचा? कशाची ॲलर्जी आहे? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? "सकाळी एक पांढरी गोळी घेते" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. म्हणून गोळ्यांची पाकिटेच पिशवीत टाकावीत. सोबत आधार कार्ड, विमा असल्यास त्याचे कार्ड, साखरेचे ताजे रिपोर्ट आणि जुने केसपेपर. वापरातला चष्माही हवाच, कारण त्यावरून आधीचा नंबर मोजता येतो.

मधुमेही काकूंचा पडदा तपासायचा, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. त्यांचा परिणाम व्हायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. मधुमेहात बाहुली सावकाश उघडते, त्यामुळे पुन्हा थेंब घालून थांबावे लागू शकते. साडेनऊला आलेल्या काकू बारा-साडेबारापर्यंत मोकळ्या होतात. उशिरा पोचल्या आणि फॉर्म अर्धवट राहिला, तर हे थेंबच लांबतात.

त्यानंतरही चार-सहा तास जवळचे धूसर दिसते, उजेड खुपतो. त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा, गॉगल घ्या आणि सोबतीला कुणालातरी आणा.