देव थेट क्षमा करतो, मग फादर कशाला?

मार्च 2020 मध्ये इटलीत सार्वजनिक मिस्सा बंद झाल्या होत्या आणि ईस्टर तोंडावर आला होता. वर्षातून एकदा तरी धर्मगुरूकडे पापांची कबुली द्यायची, हा नियम कॅथलिकांना 1215 च्या लॅटरन परिषदेने घालून दिला आहे आणि बहुतेक जण ती ईस्टरच्या आधी देतात. मग त्या वर्षी करायचे काय? 20 मार्चच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी सांगितले, की फादर भेटत नसतील तर देवाशीच बोला, त्याला खरे ते सांगा, मनापासून क्षमा मागा. कबुली मागाहून, जमेल तेव्हा द्या.

हे ऐकून अनेकांना वाटले, की पोपने नियम शिथिल केला. पण त्यांनी नवे काहीच सांगितले नव्हते. ट्रेंट परिषदेने 1551 मध्येच हे मान्य केले होते. देव थेट क्षमा करत नाही, असे कॅथलिक चर्च म्हणत नाही. किरकोळ पापांसाठी तर फादरकडे जाण्याची सक्तीही नाही. ती प्रार्थनेनेही धुतली जातात. प्रश्न येतो तो गंभीर पापांचा, आणि तिथे सगळे अवलंबून असते ते पश्चात्ताप कोणत्या जातीचा आहे यावर.

समजा, एका पतपेढीतल्या रोखपालाने खोट्या नोंदी करून 50 हजार रुपये लाटले. आता त्याला झोप लागत नाही. नरकाची भीती वाटते, स्वतःची किळस येते. हा पश्चात्ताप खोटा नाही, पण चर्च त्याला अपूर्ण म्हणते, कारण त्याच्या मुळाशी भीती आहे. ज्या देवाने प्रेम केले त्यालाच आपण दुखावले, या प्रेमापोटी होणारे दुःख म्हणजे पूर्ण पश्चात्ताप. तसा पश्चात्ताप झाला तर घरात बसल्याजागीही क्षमा मिळते. मात्र शक्य होताच फादरपुढे कबुली देण्याचा निश्चय त्यातच धरलेला असतो. तो नसेल तर पश्चात्ताप पूर्ण धरत नाहीत.

आणि इथेच फादरचे काम सुरू होते. आपला पश्चात्ताप प्रेमाचा की भीतीचा, हे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? रोखपाल कन्फेशन बॉक्समध्ये गेला, तर त्याचा अपूर्ण पश्चात्तापही पुरतो. तो क्रूसाची खूण करतो, मागची कबुली कधी दिली होती ते सांगतो, मग चोरीचे सांगतो. 'काही चुका झाल्या' एवढ्यावर भागत नाही. काय केले आणि किती वेळा, हे सांगावे लागते. विसरलेले पाप माफ होते, पण जाणूनबुजून एक गंभीर पाप लपवले, तर सगळी कबुलीच फुकट जाते.

मग फादर विचारतात, की पैसे परत करणार का? नाव उघड न करता केले तरी चालते, आज ऐपत नसेल तर हळूहळू फेडण्याचा खरा इरादा पुरतो. पण 'पैसे ठेवणार, फक्त माफी हवी' असे उत्तर आले, तर फादर पापमुक्ती देऊ शकत नाहीत. लोकांना वाटते, की कॅथलिकांना पाप करून मोकळे होण्याची सोय आहे. त्यांना हा नकार ठाऊक नसतो. रोखपाल तयार असेल, तर फादर त्याला प्रायश्चित्त सांगतात, तो पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, आणि फादर त्याच्या दिशेने हात पसरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला पापांतून मुक्त करतात. हे शब्द ते प्रथमपुरुषात उच्चारतात. कॅथलिकांच्या मते ती नुसती बातमी नव्हे. त्या शब्दांनीच पापमुक्ती घडते. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा आणि ती रोखून धरण्याचाही अधिकार दिला, असे योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे, आणि रोखायचे की नाही हे ठरवायला पाप ऐकावेच लागते.

ऐकलेले मात्र तिथेच राहते. पोलिसांनी विचारले तरी फादर बोलू शकत नाहीत. उघडपणे गुपित फोडणारा फादर आपोआप धर्मबहिष्कृत होतो. 'पोलिसांत हजर हो, तरच क्षमा देतो' अशी अटही फादर घालू शकत नाहीत, हे व्हॅटिकनने 2019 मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

प्रोटेस्टंटांचा आक्षेप मनापासूनचा आहे, तो झटकून टाकता येत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, मग आणखी कोण? ल्यूथरने खासगी कबुली मोडीत काढली नाही, पण प्रत्येक पाप मोजून सांगण्याची सक्ती नाकारली. त्याच्या दृष्टीने भार क्षमेच्या वचनावरच्या विश्वासावर असतो, पाळकाच्या न्यायावर नाही. त्याच्या पंथातला रोखपालही पैसे परत करीलच, खरा पश्चात्ताप झाला असेल तर. पण ते परत करण्याआधी त्याने क्षमा मागितली, तर इरादा खरा आहे का, हे त्याला स्वतःलाच विचारावे लागेल.