व्हॉट्सॲपवर ग्रुपचं दार बंद, ऑर्डरचं दार उघडं: अनोळखी नंबर कसे हाताळायचे?



नोकरी करणारा माणूस अनोळखी नंबर सरळ ब्लॉक करू शकतो. आपल्याला ते परवडत नाही, कारण प्रत्येक नवं गिऱ्हाईक पहिल्या दिवशी अनोळखी नंबरच असतं. तुमचं खांबला हायवेलगत दुकान असो, पेणला पापड-मिरगुंडांचा घरगुती व्यवसाय असो, की कोलाडला राफ्टिंगला येणाऱ्यांसाठी जेवणाची सोय असो, तुमचा नंबर बोर्डावर, पाकिटावर आणि गुगल मॅपवर असतोच. तो कोणीही उचलू शकतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. तुम्हाला मेसेज कोण करू शकतं आणि तुम्हाला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं. मेसेज येऊ द्या, त्यातच ऑर्डर असते. पण न विचारता ग्रुपमध्ये टाकायची मुभा कोणालाच देऊ नका. खरं गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला तुम्हाला कधी ग्रुपमध्ये टाकत नाही.

ग्रुपचं दार असं बंद करा

व्हॉट्सॲप उघडा आणि Settings मध्ये जा. तिथे Privacy आणि मग Groups. (साध्या आणि बिझनेस, दोन्ही ॲपमध्ये हे आहे.) इथे तीन पर्याय दिसतील: Everyone, My contacts आणि My contacts except...

Everyone म्हणजे ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे तो कोणीही. हे आधी बदला.

बहुतेक जण My contacts वर थांबतात. घरच्या फोनला ते पुरतं, दुकानाच्या फोनला नाही. कारण आपण प्रत्येक गिऱ्हाईक सेव्ह करतो. "रोहा केटरर", "नागोठणे मावशी", "सिमेंटवाला नवीन" असे शेकडो नंबर असतात. यातल्या एकाचं जरी व्हॉट्सॲप चोरट्याच्या हातात गेलं, तरी तो तुमच्यासाठी "ओळखीचा" म्हणूनच आत येतो.

त्यामुळे तिसरा पर्याय घ्या, My contacts except... यादी उघडली की सगळे नंबर निवडा आणि सेव्ह करा. आता यादीतलं कोणीच तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये टाकू शकत नाही. ज्याला टाकायचंय त्याला तुम्हाला खाजगीत आमंत्रण पाठवावं लागतं. ते तीन दिवस चालू राहतं. ओळखीच्या व्यापारी मंडळाचं असेल तर स्वीकारा, नाहीतर सोडून द्या, ते आपोआप संपतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही यादी त्या दिवसापुरती असते. उद्या नवीन नंबर सेव्ह केलात तर तो "सोडून" या यादीत नसतो, म्हणजे त्याला मुभा मिळते. महिन्याच्या हिशोबाच्या दिवशी ही यादीही एकदा पुन्हा निवडा.

आधीच एखाद्या ग्रुपमध्ये असाल तर

शेअर मार्केटचे "टिप्स" देणारे ग्रुप तुम्ही पाहिले असतील. त्यात रोज कोणीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकतो आणि दहा जण "थँक्यू सर" लिहितात. ते दहा जणही बऱ्याचदा त्याच टोळीचे असतात. गर्दी बघून आपला विश्वास बसावा, हाच ग्रुपचा उपयोग. पुढे एक ॲप डाउनलोड करायला सांगतात. त्यावर नफा वाढताना दिसतो, पण पैसे काढायला गेलात की आधी "टॅक्स" भरा म्हणतात.

अशा ग्रुपमध्ये "मला कोणी ॲड केलं?" असंही विचारू नका. उत्तर दिलंत की नंबर चालू आहे हे कळतं. ग्रुपच्या माहितीत जाऊन Exit group करा आणि Report group सुद्धा करा. बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते.

अनोळखी ऑर्डर आली, आता काय?

आता दुसरं दार. समजा तुमचा पेणला पापडांचा व्यवसाय आहे. सकाळी अकराला मेसेज येतो: "मॅडम, मी आर्मीमधून बोलतोय. आमच्या कॅम्पसाठी २०० पाकिटं पोह्याचे पापड पाहिजेत. रेट सांगा." फोटोत वर्दी, सोबत ओळखपत्राचा फोटो. तुम्ही १२,००० रुपये सांगता. तो घासाघीस न करता "ओके" म्हणतो.

पहिली खूण इथेच आहे. घाऊक गिऱ्हाईक चव विचारतं, पॅकिंग विचारतं, निदान भाव तरी पाडतं. ज्याला माल घ्यायचाच नाही, तो भाव करत नाही.

मग तो म्हणतो, "पेमेंट ॲडव्हान्स करतो. आमच्या अकाउंटची पद्धत वेगळी आहे. मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." कधी आधी पाच रुपये पाठवायला सांगून दहा परत करतात, म्हणजे खात्री पटते. मग १२,००० चा क्यूआर येतो. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर Pay लिहिलेलं असतं आणि पिन मागितला जातो. तो फोनवर घाई करत असतो, म्हणून आपण वाचत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

इथे एकच नियम पुरतो: पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि समोरच्याचा क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. क्यूआर दुकानदाराचा असतो, स्कॅन गिऱ्हाईक करतं. उलटं सांगितलं की बोलणं तिथेच संपवा.

खरं गिऱ्हाईक गमवायचं नसेल तर असं उत्तर द्या: "ऑर्डर घेते. माझा क्यूआर पाठवते, अर्धी रक्कम त्यावर पाठवा. खात्यात जमा झाली की माल तयार करते." खरा माणूस पैसे पाठवेल किंवा दुकानात येईल. खोटा माणूस चिडेल, नियम सांगेल किंवा गायब होईल. जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आला तरी तो पुरावा नाही. बँकेचं ॲप उघडून स्वतः शिल्लक बघा.

चॅट उघडताना आणखी दोन गोष्टी बघा. नंबर +91 ने सुरू होतो का? लोकल ऑर्डर परदेशी कोडवरून येण्याचं कारण नाही. (मात्र +91 आहे म्हणून माणूस खरा, असंही नाही.) आणि "ऑर्डर लिस्ट" म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी .apk आहे का? मालाची यादी फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते. .apk म्हणजे ॲप. ते फोनमध्ये बसलं आणि त्याला परवानग्या मिळाल्या की तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचू शकतं. ते उघडायचंच नाही.

संशय आला किंवा पैसे गेले तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चॅटचे, नंबरचे आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट घ्या, कारण Report आणि Block करताना चॅट पुसलं जाऊ शकतं. मग Report करा. त्या नंबरचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, समोरच्याला ते कळत नाही.

पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, मग बँकेला कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवले जातात. ते काढून घेण्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या खात्यात अडवता येतात. संध्याकाळी दुकान बंद करून बघू, असं करू नका.

आज एवढंच करा: Groups ची सेटिंग बदला, आणि गल्ल्यावर जो कोणी बसतो, मुलगा, वहिनी किंवा कामाचा पोरगा, त्याला क्यूआरचा नियम सांगून ठेवा. कारण असा मेसेज येतो तेव्हा फोन नेमका त्यांच्याच हातात असतो.