साडेदहा म्हणजे नेमके किती?

गेल्या हिवाळ्यात एका थंड हवेच्या ठिकाणी उतरलो होतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे दोन जिने उतरून आम्ही नाश्त्याच्या हॉलमध्ये पोचलो तेव्हा दहा पंचवीस झाले होते. दारावर पाटी होती : 'सर्व सन्माननीय अतिथींना कळविण्यात येते की, सकाळची बुफे सेवा ठीक 10:30 वाजता बंद करण्यात येईल. त्यानंतर कोणत्याही परिस्थितीत नाश्ता दिला जाणार नाही. कृपया नोंद घ्यावी.' पाच मिनिटं हातात होती, म्हणून निर्धास्त आत गेलो. डोशाचा तवा थंड पडलेला होता आणि एक मुलगा पोह्यांचं भांडं उचलत होता.

पाटी खोटी नव्हती, अपुरी होती. बुफेला बंद होण्याच्या तीन वेळा असतात. तव्यावरचे पदार्थ आधी थांबतात, कारण डोसा किंवा ऑम्लेट मागितल्यावर करायला घेतात. मग मांडलेलं अन्न उचलतात. ते उगाच ताटकळत ठेवायचं नसतं, कारण गरम पदार्थ साठ अंश सेल्सिअसच्या वर राखावे लागतात आणि भांड्याखालची आच मंदावली की ते जमत नाही. हॉल रिकामा होतो तो सर्वांत शेवटी. 'साडेदहापर्यंत' एवढंच लिहिलं की पाहुणा त्याचा अर्थ 'साडेदहाला आत शिरलो तरी चालेल' असा घेतो आणि वाढपी 'साडेदहाला भांडी धुवायला गेली पाहिजेत' असा. भांडण इथंच ठरलेलं असतं.

त्या पाटीवर शब्द जवळजवळ पंचवीस होते आणि कामाचा मजकूर एकच, 10:30. बाकीचं सगळं सरकारी परिपत्रकातून आलेलं. 'कळविण्यात येते', 'नोंद घ्यावी' यांना आपण सभ्य भाषा समजतो, पण त्यात बोलणारा माणूसच दिसत नाही. 'कोणत्याही परिस्थितीत' तर सरळ दटावणी आहे, पुढे 'कृपया' जोडल्यानं ती मऊ होत नाही. पुणेरी पाटीचा खाष्टपणा दुकानाच्या दारात गमतीचा वाटतो. इथं पाहुण्यानं खोलीच्या भाड्यातच नाश्त्याचे पैसे भरलेले असतात, त्याला कोण हसणार?

मी त्या मॅनेजरच्या जागी असतो तर एवढंच लिहिलं असतं :

नाश्ता : सकाळी 7:30 ते 10:30
डोसा, ऑम्लेट : 10:15 पर्यंत
हॉल 11 पर्यंत उघडा आहे. निवांत खा.

यात एकही 'नाही' नाही आणि 'कृपया'ही नाही. तरी ती उद्धट वाटत नाही, कारण शेवटची ओळ पाहुण्याच्या बाजूनं बोलते. उशिरा येणाऱ्यांसाठी खरोखर काही मिळत असेल तर आणखी एक ओळ चालेल : '10:30 नंतर चहा आणि सँडविच मिळेल, पैसे वेगळे.' पैशांचं आधीच सांगितलेलं बरं. आणि ही पाटी लिफ्टपाशी किंवा खोलीतल्या टेबलावर हवी. हॉलच्या दारावर ती वाचेपर्यंत उशीर झालेलाच असतो.

तोंडी सांगण्याची रीत वेगळी. पाटीवर आकडे चालतात, बोलताना 'दहा वाजून पंधरा मिनिटे' ऐकलं की रेल्वे स्टेशनवर उभं असल्यासारखं वाटतं. 'मंडळी, डोसा-ऑम्लेट अजून पंधरा मिनिटं मिळेल. हवं असेल तर आत्ताच सांगा,' एवढं पुरे. सव्वादहाला नव्हे, दहाला सांगायचं. घड्याळाच्या वेळेपेक्षा 'अजून पंधरा मिनिटं' चटकन कळतं, कारण मनात वजाबाकी करावी लागत नाही.

रात्रीच्या शेवटच्या ऑर्डरची भानगड आणखी आपली आहे. आपण एकदाच सगळं मागवत नाही. आधी भाजी आणि दोन रोट्या, मग आणखी दोन, मग भात, मग कुणाला तरी गोड आठवतं. 'शेवटची ऑर्डर 11 वाजता' वाचून लोक समजतात की अकराच्या आत सुरुवात केली की झालं. सव्वाअकराला रोटी मागितली तर तंदूर विझलेला असतो. म्हणून पाटीवर 'शेवटची ऑर्डर रात्री 11 (रोटी, भात, गोड धरून)' असं लिहावं. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे पावणेअकराला वाढप्यानं टेबलाशी येऊन विचारणं : 'काका, किचन अकराला बंद होतंय. रोटी, भात, गोड काही सांगायचंय का?' पदार्थांची नावं घेतलेली बरी. नुसतं 'आणखी काही?' म्हटलं की उत्तर हमखास 'नको' येतं आणि दहा मिनिटांनी तोच माणूस हात वर करतो. बिल मात्र या प्रश्नाबरोबर टेबलावर ठेवू नये. मग प्रश्न कितीही गोड असला तरी त्याचा अर्थ 'उठा' एवढाच होतो.

यंदा त्याच हॉटेलात पुन्हा उतरलो. पाटी तीच होती, फक्त खालच्या कोपऱ्यात कुणीतरी स्केचपेननं लिहिलं होतं : 'डोसा 10:15 पर्यंत.'