एका बोटाची तक्रार, नंबराची बदनामी

समजा, संगमनेरात एक पॅथॉलॉजी लॅब आहे. रिसेप्शनसाठी लॅबने नवं सिम घेतलं. त्या नंबरावरून रोज साधारण पन्नास फोन जातात: ‘रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा’, ‘उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या’. पेशंटकडे हा नंबर सेव्ह केलेला नसतो. कोणी एसटीत असतं, कोणी शेतात. अर्ध्याहून जास्त लोक फोन उचलतच नाहीत. जे उचलतात त्यांचं बोलणं वीस-तीस सेकंदांत आटपतं. दोन महिन्यांनी एक पेशंट काउंटरवर येऊन म्हणतो, “अहो, तुमचा फोन लाल दिसतो. स्पॅम लिहून येतं. म्हणून कट केला.”

लॅबने कोणाला काही विकलेलं नाही, फसवलेलं नाही. मग हा शिक्का मारला कोणी?

भारतात हे लेबल सर्वांत जास्त दिसतं ते ट्रूकॉलरमुळे. 2009 मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे सर्वाधिक वापरकर्ते आज भारतात आहेत. फोन वाजला की ॲप तो नंबर आपल्या साठ्यात शोधतं आणि मिळालेलं नाव पडद्यावर आणतं. नंबराबद्दल पुरेशा तक्रारी असतील तर पडदा लाल होतो. या तक्रारी सरकारी नसतात. कॉल संपल्यावर ज्यांनी ज्यांनी ब्लॉक किंवा स्पॅम दाबलं, त्यांची ती बेरीज असते. पारावर जशी एखाद्याबद्दल चर्चा होते, तसंच हे. पहिल्यांदा कोण बोललं ते कोणी विचारत नाही, किती जण बोलतात ते मात्र सगळे पाहतात.

लॅबचा हिशेब मांडून पाहू. दिवसाला 50 फोन, महिन्याचे 25 कामाचे दिवस, म्हणजे 1250 फोन. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांनी काहीच केलं नाही आणि फक्त दोघांनी वैतागून बटण दाबलं, तरी महिन्याला 25 तक्रारी जमतात. उरलेल्या 1225 जणांची बाजू कुठेच नोंदली जात नाही, कारण ‘हा फोन चांगला होता’ असं कळवायला कोणी ॲप उघडत नाही. लोकांच्या तक्रारींवर चालणाऱ्या पद्धतीतली मोठी उणीव हीच आहे. नाराज माणूस मत देतो, समाधानी माणूस फोन खिशात टाकतो.

किती तक्रारी झाल्या की लेबल लागतं, हा आकडा कंपन्या जाहीर करत नाहीत. त्याला कारणही आहे. आकडा कळला की खरे स्पॅमवाले त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतील आणि नवं सिम घेतील. शिवाय तक्रारींच्या जोडीला फोन करण्याची पद्धतही पाहिली जाते. एका नंबरावरून थोड्या वेळात किती फोन जातात, त्यातले किती उचलले जातात, बोलणं किती सेकंद चालतं, हे सगळं त्यात येतं. टेलिमार्केटिंगवाल्याचे फोन भराभर जातात, फारसे उचलले जात नाहीत आणि उचलले तरी लगेच तुटतात. आपल्या लॅबचे फोनही नेमके तसेच आहेत. काय बोलणं झालं ते यंत्रणेला ऐकू येत नाही, तिला फक्त हा साचा दिसतो.

चुकीचं लेबल लागण्याची आणखी दोन कारणं आहेत. पहिलं कारण जुना मालक. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर किमान 90 दिवस बाजूला ठेवून नंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. आधीच्या मालकाने त्यावरून कर्जाच्या जाहिराती केल्या असतील, तर त्याच्या वाट्याच्या तक्रारी तुमच्या नव्या सिमसोबत येऊ शकतात. सिम घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात, फारसे फोन न करताही लेबल दिसलं, तर संशय इथे घ्यावा. दुसरं कारण नंबराची नक्कल. फसवणारे लोक आपला खरा नंबर लपवून समोरच्याच्या पडद्यावर भलताच नंबर दिसेल अशी व्यवस्था करतात. शिव्या मात्र त्या नंबराच्या खऱ्या मालकाला पडतात. ज्यांना तुम्ही कधी फोनच केला नाही, असे लोक उलट फोन करून ‘मघाशी कोण बोलत होतं?’ असं विचारू लागले, तर ही त्याची खूण समजावी.

आता दुरुस्तीकडे वळू. बहुतेक लोक पहिल्याच पायरीला चुकतात. ते आपल्या सिम कंपनीला फोन लावतात आणि तिथून ‘आमच्याकडे काही दिसत नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर बहुधा खरंच असतं. म्हणून सर्वांत आधी लेबल कोणाचं आहे ते शोधायचं. ज्या पेशंटला लाल पडदा दिसला त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा. तो कोणत्या कंपनीचं सिम वापरतो आणि फोनमध्ये ट्रूकॉलर आहे का, तेही विचारा. त्याच्या फोनमध्ये ट्रूकॉलर असेल आणि पडद्यावर त्याचं नाव दिसत असेल, तर वाद ट्रूकॉलरशी आहे. अँड्रॉइडवर गुगलचं फोन ॲप असेल तर ते स्वतःही संशयित स्पॅमचा इशारा देतं, तेव्हा वाद गुगलशी. आणि एअरटेलने सप्टेंबर 2024 पासून आपल्या नेटवर्कमध्येच संशयित स्पॅम दाखवायला सुरुवात केली आहे. त्याला ॲप लागत नाही. अशा वेळी तुमचं सिम दुसऱ्या कंपनीचं असलं तरी दाद मागायची ती एअरटेलकडे, कारण लेबल फोन घेणाऱ्याच्या नेटवर्कने लावलेलं असतं. तीन वेगळ्या फोनांवर चाचणी केली की चित्र स्पष्ट होतं.

आपल्या लॅबचं लेबल ट्रूकॉलरचं निघालं असं धरू. आता दुसऱ्या कोणाच्या तरी ट्रूकॉलरमध्ये लॅबचा नंबर शोधायचा. तिथे लोकांनी दिलेलं नाव आणि स्पॅमच्या तक्रारींची संख्या दिसते. कधी कधी नाव पाहूनच उलगडा होतो. तिथे ‘लोन एजंट’ असं काही दिसलं, तर तो आधीच्या मालकाचा वारसा आहे. त्यानंतर त्याच नंबरावरून ट्रूकॉलरमध्ये नोंदणी करून ओटीपीने नंबर आपला असल्याचं सिद्ध करायचं आणि प्रोफाइलमध्ये लॅबचं पूर्ण नाव भरायचं. एवढ्याने नाव सुधारतं, पण तक्रारी आपोआप पुसल्या जात नाहीत.

त्या पुसण्यासाठी ॲपच्या मदत विभागातून लेखी तक्रार करावी लागते. ती मोघम नको. नंबर +91 सकट, तो केव्हापासून तुमच्याकडे आहे ती तारीख, सिमचं बिल किंवा नोंदणीचा पुरावा, व्यवसायाचा परवाना, लाल पडद्याचा स्क्रीनशॉट आणि ‘या नंबरावरून आम्ही कोणाला, कशासाठी फोन करतो’ याबद्दल दोन ओळी, एवढं त्यात हवं. नंबर नुकताच मिळाला असेल तर सिम घेतल्याची तारीख हा सर्वांत मोठा पुरावा ठरतो, कारण त्याआधीच्या तक्रारी तुमच्या असूच शकत नाहीत. सोबत, ज्या पेशंटना लेबल दिसलं त्यांना आपापल्या फोनमधल्या कॉलच्या यादीत जाऊन ‘Not spam’ दाबायची विनंती करा. गुगलच्या ॲपमध्येही ही सोय आहे. मात्र हे खऱ्या पेशंटनीच करावं. तक्रारींचा ढीग खोटा असू शकतो तसा कौतुकाचाही असू शकतो, आणि एकदम आलेले असे कौल कोणत्याही यंत्रणेला संशयास्पदच वाटतात.

अनेकजण इथे वेगळ्याच दाराने जातात. ट्रूकॉलरच्या truecaller.com/unlisting या पानावर नंबर यादीतून काढता येतो आणि त्यासाठी आधी आपलं खातं बंद करावं लागतं. ज्याला आपलं नाव अनोळखी लोकांना दिसू द्यायचं नाही, त्याच्यासाठी ती सोय आहे. लॅबला तर आपलं नाव दिसायलाच हवं आहे. तिने नंबर यादीतून काढला तर स्वतःची ओळखच पुसली जाईल.

उत्तर आलंच नाही तर? माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांनुसार अशा मध्यस्थ कंपन्यांनी भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करायचा असतो आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. त्यानंतरही समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं. म्हणून पहिली तक्रार लेखी हवी आणि तिचा क्रमांक जपून ठेवायला हवा.

लेबल निघाल्यावरही काही फोनांवर ते दिसत राहतं. बऱ्याच फोनांमध्ये स्पॅम नंबरांची यादी आधीच उतरवून ठेवलेली असते आणि ती ताजी होईपर्यंत जुनाच शिक्का दिसतो. काही दिवस थांबून पुन्हा पाहावं. महिन्याभरात लेबल परत आलं, तर कारण नंबरात नसून फोन करण्याच्या पद्धतीत आहे. लॅबने आधी मेसेज पाठवावा, ‘दहा मिनिटांत या नंबरावरून फोन येईल’ असं कळवावं, पावतीवर नंबर छापावा आणि पेशंटला तो सेव्ह करायला सांगावा. न उचललेल्या फोनवर पाठोपाठ चार वेळा रिंग देणं तर पूर्ण बंद करावं.

ॲपचं लेबल आणि ट्रायकडची तक्रार यांची गल्लत मात्र करू नये. 1909 वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर नोंदलेली तक्रार कायद्याच्या चौकटीत येते. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी न केलेल्या प्रचारकाविरुद्ध 10 दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी टेलिकॉम कंपनीला कारवाई सुरू करावी लागते. पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद होऊ शकतं, पुन्हा तसंच झालं तर सगळी जोडणी वर्षभरासाठी जाते. रिपोर्ट तयार असल्याचं सांगणं हा प्रचार नाही. पण त्याच फोनवर ‘फुल बॉडी चेकअपवर सवलत आहे’ असं रिसेप्शनिस्टने जोडलं, की तो प्रचाराचा फोन होतो. प्रचारासाठी 140 ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे आणि साध्या दहा अंकी नंबरावरून तो करायला मनाई आहे.

शेवटी, फोन घेणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट. फोन नको असेल तर ब्लॉक जरूर करा. पण ब्लॉक करताना अनेक ॲपमध्ये ‘स्पॅम म्हणून कळवा’ अशी एक खूण आधीच लावलेली असते, ती एकदा वाचा. समोरचा खरंच काही विकत किंवा फसवत असेल तरच ती राहू द्या. राँग नंबर असेल, कुरिअरवाला असेल किंवा रिपोर्टचा फोन असेल, तर खूण काढा आणि मग ब्लॉक करा.