आयगेन मूल्यांवर विश्वास केव्हा ठेवावा?

दोन ओळींचं एक साधं मॅट्रिक्स घेऊ. वरच्या ओळीत ०.५ आणि १००, खालच्या ओळीत ० आणि ०.६. कर्णाखाली शून्य असल्यामुळे त्याची आयगेन मूल्यं कर्णावरच वाचता येतात: ०.५ आणि ०.६. दोन्ही एकापेक्षा लहान, म्हणून या मॅट्रिक्सने कुठल्याही सदिशाला पुन्हा पुन्हा गुणत गेलं की तो शेवटी शून्याकडे जाणार, असं पाठ्यपुस्तक सांगतं. ते खोटं नाही. पण (०, १) या सदिशाला एकदा गुणलं की (१००, ०.६) मिळतो. दुसऱ्या गुणाकारानंतर पहिला घटक ११० होतो, तिसऱ्यानंतर ९१, आणि सदिशाची लांबी पुन्हा एकाच्या खाली यायला चौदा गुणाकार लागतात. आता खालच्या ओळीतल्या शून्याच्या जागी ०.०१ लिहा. आयगेन मूल्यं सुमारे १.५५ आणि −०.४५ होतात, म्हणजे जे आटणार होतं ते आता बेसुमार वाढत जाणार. हिशेबात चूक नाही, आयगेन मूल्यंही बरोबर काढलेली आहेत. तरीही मॅट्रिक्स प्रत्यक्षात कसं वागेल, हे त्यांनी पुरतं सांगितलं नाही. ती कोणत्या मॅट्रिक्सबद्दल पुरतं सांगतात, हे आयगेन मूल्यं न काढताच ठरवणारी एक कसोटी आहे. तिच्याकडे परीक्षेतली एक औपचारिक अट म्हणून पाहिलं जातं, ते मला अपुरं वाटतं.

कसोटी अशी. संमिश्र संख्यांचं चौरस मॅट्रिक्स A घ्या. त्याच्या ओळींचे स्तंभ करा आणि प्रत्येक संख्येतल्या i चं चिन्ह उलटवा. जे मिळतं ते A*. आता AA* आणि A*A हे दोन गुणाकार करा. ते सारखे आले तर A नॉर्मल. हे नाव ऑटो टोप्लिट्झच्या १९१८ सालच्या लेखापासून चालत आलं आहे. आणि प्रमेय असं की A नॉर्मल असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, त्याला एकमेकांना लंब असलेल्या एकक लांबीच्या आयगेन सदिशांचा पुरा संच मिळतो. ते सदिश स्तंभ म्हणून शेजारी शेजारी मांडले की युनिटरी मॅट्रिक्स U तयार होतं आणि U*AU हे निव्वळ कर्णमॅट्रिक्स असतं. युनिटरी बदलात लांबी आणि कोन जसेच्या तसे राहतात, म्हणून कर्णावर जे दिसतं तेच A चं खरं वागणं. नॉर्मल मॅट्रिक्स सदिशाची लांबी जास्तीत जास्त किती पट करील, याचं उत्तर त्याच्या सर्वांत मोठ्या आयगेन मूल्याचा आकार, एवढंच. त्यात लहानसा फेरफार केला तर नवं प्रत्येक आयगेन मूल्य कुठल्या तरी जुन्या मूल्यापासून त्या फेरफाराच्या मापाहून दूर जात नाही. ०.०१ च्या फेरफाराने जवळजवळ एकाने सरकणं तिथे शक्यच नाही.

दोन गुणाकारांच्या समानतेत एवढं सगळं कुठून आलं? इसाई शूरने १९०९ मध्ये दाखवलं की कुठलंही संमिश्र चौरस मॅट्रिक्स युनिटरी बदलाने त्रिकोणी करता येतं, म्हणजे कर्णाखाली सगळी शून्यं आणता येतात. या त्रिकोणी रूपाला T म्हणू. A नॉर्मल असेल तर T सुद्धा नॉर्मल असतं, कारण युनिटरी बदलाने ही समानता मोडत नाही. आता TT* चा डावीकडचा वरचा कोपरा पाहा: तिथे T च्या पहिल्या ओळीच्या लांबीचा वर्ग असतो. T*T च्या त्याच कोपऱ्यात पहिल्या स्तंभाच्या लांबीचा वर्ग असतो. पण त्या स्तंभात कर्णावरच्या संख्येखेरीज काही नाही. दोन्ही सारखे असायचे तर पहिल्या ओळीतल्या बाकीच्या सगळ्या संख्यांच्या वर्गांची बेरीज शून्य, म्हणजे त्या सगळ्या शून्य. मग दुसरी ओळ, तिसरी, असं शेवटपर्यंत. त्रिकोण आपोआप कर्णावर येतो. उलट दिशा सोपी आहे: कर्णमॅट्रिक्स आपल्या A* शी नेहमीच क्रम बदलू देतं. आपल्या सुरुवातीच्या उदाहरणाचं बिंगही इथेच फुटतं. त्याच्या पहिल्या ओळीची लांबी शंभराहून थोडी जास्त, पहिल्या स्तंभाची ०.५. गुणाकार पुरा करायचीसुद्धा गरज नाही.

मात्र ओळी आणि स्तंभांच्या लांबी जुळल्या म्हणून काम झालं, असं त्रिकोणी रूपाबाहेर म्हणता येत नाही. वरच्या ओळीत १, i आणि खालच्या ओळीत i, −१ असलेलं मॅट्रिक्स पाहा. सगळ्या लांबी सारख्या, शिवाय ते कर्णाभोवती सममित. वास्तव संख्यांचं सममित मॅट्रिक्स नेहमी नॉर्मल असतं, त्यामुळे इथेही सवयीने होकार द्यावासा वाटतो. पण AA* च्या वरच्या ओळीत २, −2i येतं आणि A*A च्या वरच्या ओळीत २, 2i. कसोटी नापास. खरं तर या मॅट्रिक्सचा वर्ग शून्य आहे, त्यामुळे ते कुठल्याच प्रकारे कर्णरूपात येत नाही. i चं चिन्ह उलटवायला विसरून नुसत्या ओळींचे स्तंभ केले असते, तर सममितीमुळे दोन्ही गुणाकार आपसूक जुळले असते आणि उत्तर चुकलं असतं. नमपायमध्ये `A.T` लिहिणाऱ्याची हीच फसगत होते. तिथे `A.conj().T` हवं.

कोणी म्हणेल, प्रत्यक्षात हर्मिशियन मॅट्रिक्सच भेटतात, मग एवढी व्यापक अट कशाला? तर ९० अंशांच्या फिरवणीचं मॅट्रिक्स हर्मिशियन नाही; त्याची आयगेन मूल्यं i आणि −i आहेत, आणि तरी ते नॉर्मल आहे. ज्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला एक घर सरकवून मिळते ते चक्राकार मॅट्रिक्स साधारणपणे हर्मिशियनही नसतं आणि युनिटरीही नसतं, पण नॉर्मल नेहमीच असतं.

खरा गंभीर आक्षेप संगणकाचा आहे. दशांश संख्यांत अचूक समानता क्वचितच मिळते, म्हणून लोक थोडी सूट देऊन तपासतात:

```
Ah = A.conj().T
np.allclose(A @ Ah, Ah @ A)
```

आता कर्णावर १, १ आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात लहानशी संख्या ε असलेलं मॅट्रिक्स घ्या. ε शून्य नसेल तर ते कर्णरूपात कधीच येत नाही. पण त्याच्या दोन गुणाकारांतला फरक फक्त ε² एवढा असतो. ε = ०.००३ असेल तर फरक ०.०००००९, आणि वरची तपासणी मूळ सवलतीवर त्याला पास करते. ε = 10⁻⁸ असेल तर फरक 10⁻¹⁶; नेहमीच्या दुहेरी अचूकतेत तो १ मध्ये मिळवला की उरतच नाही, आणि संगणकाला दोन्ही गुणाकार तंतोतंत सारखे दिसतात. याने कसोटी खोटी ठरते का? माझ्या मते नाही. ते मॅट्रिक्स एकक मॅट्रिक्सपासून 10⁻⁸ वरच आहे आणि जवळपास तसंच वागतं. मात्र कसोटी वर्गाच्या मापाने मोजते, हे धरून चालावं लागतं: गुणाकारांतला फरक सोळाव्या दशांशस्थळी दिसेनासा झाला, तरी नॉर्मलपणाची हमी आठव्या स्थळापर्यंतचीच.

त्याहून बारकाईने पाहायचं असेल तर गुणाकार सोडून थेट शूरचं त्रिकोणी रूप काढावं आणि कर्णाच्या वरच्या बाजूला किती उरलं ते वाचावं. `scipy.linalg.schur(A, output='complex')` ते देतं. दोन गुणाकारांपेक्षा याला वेळ कित्येक पट लागतो, पण ε तिथे वर्ग न होता जसाच्या तसा दिसतो.