वेळापत्रक कोणत्या तारखेचं? मुंबईतला प्रवास आखण्याआधी

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास सीएसएमटीहून नाहूरला जायचं आहे, असं धरू. मोबाइलवरचा नकाशा किंवा वेळापत्रकाचं ॲप लगेच उत्तर देतं: अमुक वाजून अमुक मिनिटांची धिमी लोकल, थेट नाहूर. आपण गाडीत बसतो, आणि घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत गाडी नाहूर न घेता मुलुंडला जाऊन थांबते. ॲपमधलं वेळापत्रक जुनं नव्हतं. त्या दिवशी ते लागू नव्हतं, इतकंच. प्रवास आखून देणाऱ्या साइटबद्दलचे बरेचसे गैरसमज याच फरकाभोवती फिरतात.

गैरसमज: वेळापत्रक ताजं असेल तर गाडी त्याप्रमाणेच धावणार.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपणारा. माटुंगा ते मुलुंड धिम्या मार्गावर काम असेल, तर धिम्या गाड्या त्या टप्प्यात जलद मार्गावर वळवतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर इथे जलद मार्गाला फलाट नाहीत, त्यामुळे ही तीन स्थानकं त्या काळात सुटतात. काम जलद मार्गावर असेल तर उलट घडतं: जलद गाड्या धिम्या मार्गावरून जातात, एरवी न घेतली जाणारी काही स्थानकं घेतात आणि पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोहोचतात.

ब्लॉकची घोषणा बहुधा एक-दोन दिवस आधी होते, तर ॲपमधलं वेळापत्रक महिनोन्‌महिने तेच राहतं. रविवारी न धावणाऱ्या गाड्या त्यात वगळलेल्या असतात, कारण ते दर रविवारचं ठरलेलं आहे. ब्लॉक मात्र दर आठवड्याला बदलतो आणि तो त्या माहितीत क्वचितच शिरतो. म्हणून रविवारचा प्रवास आखताना शनिवारी रेल्वेची ब्लॉकची सूचना वाचायची आणि तीत तीन गोष्टी शोधायच्या: कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये, धिमा मार्ग की जलद, आणि सीएसएमटीहून किती ते किती वाजेपर्यंत सुटणाऱ्या गाड्यांना लागू. नाहूरच्या प्रवाशाला एवढ्यावरून कळतं की भांडुप किंवा मुलुंडला उतरून पुढची सोय करावी लागेल.

गैरसमज: ॲप गेल्याच आठवड्यात अपडेट झालं, म्हणजे माहितीही नवी.

ॲपच्या दुकानात दिसणारी तारीख ॲपची असते. त्या अपडेटमध्ये जाहिरातींची जागा बदललेली असू शकते, रंग बदललेला असू शकतो. आतलं वेळापत्रक कधीचं, हे त्या तारखेवरून कळत नाही. ते ओळखायला शहरात अलीकडे झालेला, तारीख पक्की माहीत असलेला बदल शोधून ॲपला त्यावर प्रश्न विचारावा.

मुंबईत असे बदल भरपूर आहेत. ठाणे-वाशी मार्गावर ऐरोलीजवळचं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. ते यादीतच नसेल तर माहिती त्याआधीची. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला, आणि ती कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये पोहोचली. चर्चगेटहून आरेला जाण्याचा रस्ता विचारला आणि मेट्रोचं नावच आलं नाही, तर ती साइट मेट्रोपुरती एवढी मागे आहे.

‘मेट्रोपुरती’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. लोकल, मेट्रो आणि बेस्ट यांची माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी येते. मेट्रो ३ दाखवणारी साइट बेस्टचा बंद झालेला मार्गही त्याच पानावर दाखवू शकते. शिवाय स्थानक यादीत आहे यावरून फक्त नकाशा नवा असल्याचं कळतं, वेळा नव्या आहेत की नाहीत ते नाही. वेळा तपासायला रेल्वेने जाहीर केलेला वेळेचा बदल लागतो. ५ ऑक्टोबर २०२४ पासून मध्य रेल्वेचं उपनगरी वेळापत्रक बदललं आणि सीएसएमटीच्या काही लोकल दादरहून सुटू लागल्या. सर्वांत अलीकडच्या अशा पत्रकातली एक बदललेली गाडी घ्यावी आणि ॲपमध्ये ती नव्या वेळेला, नव्या स्थानकातून सुटते का ते बघावं. दोन-तीन गाड्या जुळल्या तर बाकीचंही बहुधा बदललेलं असतं.

गैरसमज: माहिती किती जुनी, हे बाहेरच्या माणसाला कळूच शकत नाही.

काही शहरं आपलं वेळापत्रक सर्वांसाठी खुलं करतात. दिल्लीने २०१८ साली otd.delhi.gov.in वर बसची माहिती दिली. जगभरच्या अशा संचांची सूची Transitland आणि Mobility Database इथे मिळते, आणि अनोळखी शहरात तिथून सुरुवात करणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. हे संच GTFS नावाच्या साच्यात असतात: एका झिपमध्ये साध्या मजकुराच्या फायली. त्यातल्या calendar.txt मध्ये पुढच्या नमुन्यासारख्या ओळी असतात:

```
service_id,monday,tuesday,wednesday,thursday,friday,saturday,sunday,start_date,end_date
WK,1,1,1,1,1,1,0,20250401,20251231
```

ही सेवा सोमवार ते शनिवार धावते, रविवारी नाही, आणि १ एप्रिल ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातच लागू आहे. शेवटची तारीख उलटून गेली असेल तर सूचीत ‘काल उतरवून घेतला’ असं लिहिलेलं असूनही संच कालबाह्य आहे. काल उतरवली ती जुनीच फाईल. शेवटची तारीख पाच-दहा वर्षं पुढची असेल तरी मी सावध होतो. इतक्या पुढचं वेळापत्रक कोणीही ठरवत नाही. ती तारीख बहुधा पुन्हा हात लावायला लागू नये म्हणून टाकलेली असते.

गैरसमज: बसची वेळ मिनिटासकट दिली आहे, म्हणजे ती नेमकी आहे.

लोकलला प्रत्येक स्थानकाची वेळ ठरलेली असते. शहरी बसला बहुतेकदा सुटण्याची वेळ आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, आणि मधल्या थांब्यांच्या वेळा हिशोबाने भरल्या जातात. GTFS मध्ये हे सांगायची सोय आहे: stop_times.txt मध्ये timepoint पुढे 0 असेल तर ती वेळ अंदाजाची. फाईल हाताशी नसेल तर एकच मार्ग संध्याकाळी साडेसहाला आणि रात्री दहाला विचारून पाहावा. दोन्ही वेळा प्रवासाला तितकीच मिनिटं दाखवली, तर गर्दीचा विचार त्या आकड्यात नाही.

बस ‘लाइव्ह’ दाखवत असेल तर हा प्रश्न बराच सुटतो, पण ठिपका खरोखर हलतो आहे का ते बघायला हवं. बसमधल्या यंत्राकडून येणारा सिग्नल तुटला की काही ॲप शेवटची जागाच दाखवत राहतात. पडदा मिनिटभराने पुन्हा उघडावा. रस्ता मोकळा असूनही ठिपका तिथेच असेल तर त्या बसवर विसंबू नये. जी फेरी अजून सुटलीच नाही तिला ठिपका नसतो, तिची वेळ वेळापत्रकातूनच येते. म्हणून थांबा मार्गाच्या सुरुवातीजवळचा असेल तर तिथे दिसणारी वेळ बहुतेकदा ‘लाइव्ह’ नसते.