जबड्याची कळ : चावताना आणि चढ चढताना

घास चावताना कानापुढे 'टक' असा आवाज येणे आणि जबडा दुखणे ही तक्रार घराघरांत आढळते. बहुतेकांच्या बाबतीत तिचे मूळ जबड्याच्या सांध्यात असते. काहींच्या बाबतीत ते दातात किंवा कानात असते. क्वचित मात्र जबड्याची कळ हृदयाकडून आलेली असते आणि तेव्हा दवडलेला प्रत्येक तास महाग पडतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून कशा ओळखाव्यात, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आवाजाचे कारण पाहू. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले की बोटाखाली हाडाचे एक टोक सरकताना जाणवते. तोच जबड्याचा सांधा होय. खालच्या जबड्याचे गोल टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये कूर्चेसारखी एक लवचीक चकती असते. ही चकती थोडी पुढे घसरलेली असली, तर तोंड उघडताना हाड तिच्या कडेवरून उडी मारून पुन्हा तिच्या खाली जाते. त्या क्षणी आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचाराची गरज नसते. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये सहज मावली, म्हणजे तोंड पुरेसे उघडते असे समजावे.

सांध्याचे किंवा चावण्याच्या स्नायूंचे दुखणे असेल, तर ते जबड्याच्या हालचालीशी बांधलेले असते. कडक भाकरी, शेंगदाणे वा ऊस चावताना, मोठी जांभई देताना ते वाढते. कानापुढे किंवा गालाच्या स्नायूवर दाबले असता नेमकी तीच कळ उठते. झोपेत दात खाणाऱ्यांचा जबडा सकाळी आखडलेला असतो. अशा वेळी दोन आठवडे मऊ अन्न घ्यावे, भाकरी दुधात वा ताकात कुस्करून खावी, लहान घास घ्यावेत आणि दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. सुपारी चघळणे पूर्ण थांबवावे. तोंड एकाएकी दोन बोटांपुरतेही उघडेनासे झाले, तर दंतवैद्यांकडे जावे. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले आणि तिखटाने आग होऊ लागली, तर तो सांध्याचा दोष मानू नये. गालाचे आतले अस्तर ताठर होण्याचा तो विकार असतो आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो.

दाताचे दुखणे बहुधा एका बाजूला असते. थंड पाण्याने सणक येते, गरम चहाने कळ रेंगाळते, एखाद्या दातावर ठोकले की तो दात नेमका सापडतो, रात्री ठणका वाढतो. कानाचे दुखणे असेल, तर कानाची पाळी ओढल्यावर किंवा छिद्रापुढचा उंचवटा दाबल्यावर वेदना होते, कान वाहतो किंवा कमी ऐकू येते. कान दुखतो, पण तपासणीत निर्दोष ठरतो, असे झाले तर जबड्याच्या सांध्याकडे लक्ष द्यावे. सांध्याला आणि कानाच्या काही भागाला संवेदना पुरवणारी नस एकच आहे.

आता हृदयाकडे वळू. हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडले की त्याची वेदना ज्या मज्जातंतूंनी मेंदूकडे जाते, त्यांच्या वाटा जबडा, मान व हात यांच्या वाटांना मिळतात. त्यामुळे मेंदूला वेदनेचे ठिकाण नेमके कळत नाही आणि छाती न दुखता केवळ जबडा दुखू शकतो. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये अशी आडवळणाची लक्षणे अधिक आढळतात. ही वेदना सणक मारणारी नसते. दाबल्यासारखी, आवळल्यासारखी किंवा जळजळल्यासारखी असते. अनेकदा ती जबड्याच्या दोन्ही बाजूंना जाणवते.

इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृदयशूळाचे वर्णन केले, त्यातील खूण आजही उपयोगी आहे. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच ही वेदना येते आणि माणूस थांबला की निघून जाते, असे त्यांनी नोंदवले. येथेच घोटाळा होतो. जेवणानंतर दुखले की माणूस चावण्याला दोष देतो, प्रत्यक्षात मात्र भरल्या पोटी चाललेला चढ हे कारण असते.

हिर्डोशी परिसरातील, हिरडस मावळच्या चढउताराच्या शिवारातील एक उदाहरण कल्पून पाहू. छप्पन्न वर्षांच्या एका बाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. जबड्याचा 'टक' आवाज त्यांना वीस वर्षांपासून आहे. दिवाळीच्या सुमारास भाताचा भारा घेऊन बांधावरून वर चढताना खालचा जबडा जड होऊन दुखू लागतो. भारा टाकून बसल्यावर पाच मिनिटांत थांबतो. घरचे म्हणतात, "जबडा तर जुनाच वाजतोय." परंतु आवाज जुना आहे, दुखणे नवे आहे. बसून शेंगदाणे चावले तर दुखत नाही, कानापुढे दाबले तरी दुखत नाही, थंड पाण्याने दात सणकत नाही. तोंड मिटलेले असताना केवळ चढ चढल्याने दुखते. म्हणून हे दुखणे सांध्याचे नव्हे, हृदयाचे समजून त्याच दिवशी ईसीजी काढता येईल अशा रुग्णालयात जावे. विश्रांतीत काढलेला एक ईसीजी निर्दोष आला, तरी हृदयविकार नाही असे ठरत नाही. तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिनही तपासावे लागते. दंतवैद्यांनी दात बधिर केल्यावरही दुखणे तसेच राहिले, तर त्याचे मूळ त्या दातात नाही, हीही एक खूण आहे.

जबड्याची वेदना स्वस्थ बसल्यावरही पंधरा मिनिटांत थांबली नाही, किंवा तिच्यासोबत घाम, धाप, मळमळ वा ग्लानी आली, तर आणखी वाट पाहू नये. लगेच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात रक्तस्राव वा अलीकडचा मेंदूतील रक्तस्राव नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्यावी. रुग्णाला चालवू नये आणि त्याला गाडी चालवू देऊ नये. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. पावसाळ्यात वरंध घाटाचा रस्ता अनेकदा बंद असतो, तेव्हा भोरच्या दिशेने लवकर निघणे हाच शहाणपणा.

आणखी एक अपवाद ध्यानात ठेवावा. पन्नाशीनंतर चावता चावता जबडा थकून दुखू लागला आणि सोबत कानशिलात नवी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे असेल, तर तो रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

जबडा दुखू लागल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : तोंड हलवल्याने दुखते, की पाय हलवल्याने? पहिल्या उत्तराला दंतवैद्य किंवा कानाचे डॉक्टर पुरेसे आहेत. दुसऱ्या उत्तराला हृदयाची तपासणीच हवी, मग जबडा कितीही वर्षे वाजत असो.